अठ्ठावीस भरले, तरी एक कमी

आपल्या घरातील नात किंवा नातू शाळेच्या संघाबरोबर प्रथमच विमानाने निघणार असेल, तर त्याची बॅग बहुधा आपणच भरता. लाडवांचा डबा कोणत्या कप्प्यात, औषध कोठे, अंगावरचा गरम कपडा वर की खाली, हे सारे घरातील आजी-आजोबांनाच ठाऊक असते. पुढे ती बॅग आणि ते मूल आमच्यासारख्या शिक्षकांच्या हाती येते. या दोन हातांमध्ये काय निसटू शकते, हे मी माझ्या एका चुकीवरून शिकलो. आज तीच हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवीत असे. निवृत्त झाल्यावरही खो-खोच्या संघांबरोबर व्यवस्थापक म्हणून जाणे सुटले नाही. आमचे आयुष्य रेल्वेच्या प्रवासात गेले. डब्यात चढायचे, बाकांवर पसरायचे, आणि दर मोठ्या स्थानकानंतर मुले मोजायची. परंतु एका वर्षी दिल्लीतील स्पर्धेची तारीख परीक्षेला इतकी चिकटून आली, की पालकांनी वर्गणी काढून पुण्याहून विमानाची तिकिटे काढली. चौदा वर्षांखालील मुलांचे बारा, मुलींचे बारा, आम्ही चार मोठी माणसे. असे एकूण २८ जण. चौघांत दोन शिक्षिका, एक तरुण प्रशिक्षक आणि गुडघ्याने थोडा अधू झालेला मी.

पहिले काम तिकिटांच्या यादीचे. सामान्य आरक्षणात एका वेळी नऊच प्रवासी बसतात. दहा किंवा त्याहून अधिक माणसे असली, की विमान कंपनीकडून समूहाचे वेगळे आरक्षण घ्यावे लागते. त्यात जागा आधी मिळतात आणि नावे नंतर, ठरलेल्या मुदतीत द्यायची असतात. ही सवलत मोठी सोयीची. पण खरी अडचण नावांतच असते. शाळेच्या हजेरीत आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. आधार कार्डावर कोठे मुलाचे नाव आधी, कोठे आडनावच नाही. शब्दांचा क्रम मागेपुढे झाला तर सहसा अडत नाही. मात्र आडनावाच्या जागी वडिलांचे नाव पडले, किंवा हजेरीत चिकटून राहिलेले घरचे लाडके नाव तिकिटावर गेले, तर ते दुसऱ्याच मुलाचे तिकीट ठरते. आमच्या यादीत अशी तीन नावे निघाली. मी हजेरीपट बाजूला ठेवला, प्रत्येक मुलाचे आधार कार्ड समोर घेतले आणि त्यावरील अक्षर न् अक्षर उतरवून काढले. आठ दिवस आधी हे लक्षात आले म्हणून दुरुस्ती झाली. विमानतळावर पोहोचल्यावर ती होईलच, असे नाही.

ओळखपत्राची आणखी एक खोच आहे. मुलाच्या आधारमधील ठसे व छायाचित्र पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावयाचे असतात. त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलाच्या कार्डावर पुष्कळदा सहा वर्षांचे, दात पडलेले हसरे पोर असते. प्रवेशद्वारावरील जवान कार्डाकडे पाहतो, मुलाकडे पाहतो, आणि रांग थांबते. म्हणून आधारच्या जोडीला चालू वर्षाचे छायाचित्र असलेले शाळेचे ओळखपत्र मुलाच्या गळ्यात असावे, आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचे सर्व मुलांच्या नावांचे पत्र प्रमुखाजवळ असावे. ही तिन्ही कागदपत्रे आमच्याकडे होती. ती कोणाच्या हातात होती, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नव्हता. मुलांच्या हातून हरवतील या भीतीने मी सगळी कार्डे, पालकांची संमतिपत्रे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका निळ्या फाइलमध्ये घालून स्वतःच्या काखेत ठेवल्या होत्या. शिस्तीचा हा नमुना मला त्या वेळी फार आवडला होता.

मुलींच्या संघात सातवीतील एक मुलगी होती. तिला टाइप १ मधुमेह आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. पळण्यात ती सर्वांत चपळ आणि बोलण्यात सर्वांत अबोल. पहाटे पाच वाजता बस सुटताना तिची आजी खिडकीशी आली आणि म्हणाली, “सर, पोरीच्या औषधाला ऊन लागू देऊ नका बरं. बॅगेच्या मधोमध ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलंय.”

मी चमकलो. “मोठ्या बॅगेत, वहिनी?”

“हो, तिथंच गार राहील.”

येथे माझ्या हातून एक गोष्ट योग्य घडली. बस थांबवून ते औषध मुलीच्या पाठीवरील लहान पिशवीत घालायला लावले. मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते. तेथील गारठ्यात इन्सुलिन गोठण्याचा धोका असतो, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी त्याचा भरवसा राहत नाही. शिवाय बॅग मागे राहिली, तर औषधही मागे राहते. वापरात असलेले पेन सर्वसाधारण खोलीच्या तापमानाला काही आठवडे चांगले टिकते. उन्हापासून जपले म्हणजे पुरे. म्हणून दम्याचा पंप, इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, रक्तातील साखर पाहण्याचे यंत्र, हे सारे मुलाच्या हातातील पिशवीतच असावे. आजीने गार जागा शोधली होती ती मायेने. पण घरातील गार कोपरा आणि विमानातील गार कोपरा सारखे नसतात.

आमचे विमान दुपारी बाराचे. देशांतर्गत उड्डाणात सामान घेणारा काउंटर बहुतेक ठिकाणी एक तास आधी बंद होतो, म्हणजे आमच्यासाठी अकराला. एका प्रवाशाला दोन मिनिटे धरली तरी अठ्ठावीस जणांना एका काउंटरवर जवळजवळ तास लागतो. म्हणून आम्ही साडेआठलाच पोहोचलो. समूहाचे आरक्षण असल्याचे सांगताच आम्हांला एक वेगळा काउंटर मिळाला. येथे एक मोह होतो. शिक्षकाने सगळी कार्डे काउंटरवर ठेवावी, सगळ्या बॅगा एकामागून एक पट्ट्यावर टाकाव्या, अठ्ठावीस बोर्डिंग पास एकगठ्ठा घ्यावे आणि मोकळे व्हावे. वेळ वाचतो खरा. परंतु मग सामानाच्या चिठ्ठ्या कोणाच्या नावावर लागतात, इकडे लक्ष राहत नाही. कधी सगळ्या प्रमुखाच्याच नावावर लागतात.

वजनाची बेरीज एकत्र करण्यास हरकत नसते. माणशी पंधरा किलो धरले, तर आमच्या वाट्याला ४२० किलो येत होते, आणि आमचे सारे सामान ३१० किलो भरले. संघाची मोठी बॅग १९ किलोंची होती, तीही या बेरजेत सामावली. एकाच आरक्षणातील माणसे एकाच वेळी सामान देत असतील, तर बहुतेक कंपन्या ही सवलत देतात. मात्र कोणतीही एक बॅग ३२ किलोंवर जाऊ नये, कारण ती माणसाने उचलायची असते. वजन एकत्र मोजावे, नाव मात्र ज्याचे त्याचे लावावे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

नावाचा हा आग्रह कोठून आला, हे आपल्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान अटलांटिक महासागरावर स्फोटाने कोसळले आणि ३२९ जीव गेले. स्फोटके असलेली बॅग विमानात होती, पण ती ज्याच्या नावावर होती तो प्रवासी विमानात चढलाच नव्हता. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय पातळीवर हा नियम कडक झाला, की प्रवासी चढला नाही तर त्याची बॅगही विमानातून उतरवायची. आता विचार करा. संघातील एक मूल ऐनवेळी आजारी पडून मागे राहिले, आणि त्याची बॅग शिक्षकाच्या नावावर असली, तर चोवीस सारख्या निळ्या बॅगांतून ती कोणी आणि कशी ओळखावी? म्हणून प्रत्येक मुलाने स्वतःची बॅग स्वतः पट्ट्यावर ठेवावी, चिठ्ठीवरील नाव वाचावे, आणि चिठ्ठीचा तुकडा आपल्याच बोर्डिंग पासला चिकटवून घ्यावा. आम्ही तसेच केले. तरी तपासणीत एक बॅग परत आलीच. आजोळहून दिलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तीत होत्या. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि ते पेट घेऊ शकते, म्हणून ते सामानात चालत नाही. वाट्या निघाल्या, पोर हिरमुसले, दहा मिनिटे गेली.

सव्वादहाच्या सुमारास आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेत लागलो, आणि माझी खरी चूक येथे झाली.

आपल्या विमानतळांवर स्त्रियांची अंगझडती पडद्याआड, महिला जवानांकडून होते. ती रांग वेगळी असते आणि पुष्कळदा हळू सरकते. म्हणजे बरोबर असलेला संघ या एका ठिकाणी अपरिहार्यपणे तुटतो. मुलगे धडाधड पलीकडे जातात, मुली मागे राहतात. आमच्या दोन्ही शिक्षिका पहिल्या काही मुलींबरोबरच पलीकडे गेल्या, कारण पलीकडे मोकळ्या सुटलेल्या मुलग्यांना आवरायला कोणी हवे होते. शेवटच्या मुलीच्या मागे एकही मोठी स्त्री उरली नाही. मी पुरुषांच्या रांगेतून निळी फाइल सांभाळीत बाहेर पडलो आणि समजलो, की सगळ्या येतच आहेत.

दारापाशी पोहोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. मी नेहमीच्या सवयीने डोकी मोजली. अठ्ठावीस. पुन्हा मोजली. अठ्ठावीसच. समाधानाने खुर्चीत टेकलो. गुडघा दुखत होता, रक्तदाबाची गोळी घ्यायची होती. तेवढ्यात आमची शिक्षिका म्हणाली, “सर, एकदा नावाने हजेरी घेऊ या का? मुली कमी वाटतात.” माझ्या मोजणीवर तिने शंका घ्यावी, हे मला मनातून रुचले नाही. तरी मी यादी काढली.

अकरावे नाव पुकारले आणि उत्तर आले नाही. ते त्या अबोल मुलीचे होते. मग अठ्ठावीसवे डोके कोणाचे? आमच्या निळ्या ट्रॅकसूटसारखाच ट्रॅकसूट घातलेला दुसऱ्या शाळेचा एक मुलगा आमच्या मुलांच्या मोबाइलवरील खेळ पाहत त्यांच्यात येऊन बसला होता. आकडा भरला होता. मूल हरवले होते.

शिक्षिका धावतच मागे गेली, मी लंगडत तिच्या पाठोपाठ. मुलगी तपासणीच्या जागीच, भिंतीला टेकून उभी होती. तिची पिशवी यंत्राने वेगळी काढली होती. आत सुया आणि पेने दिसली होती. महिला जवानाने काही दरडावले नव्हते, “डॉक्टरांची चिठ्ठी दाखव,” एवढेच ती म्हणाली होती. चिठ्ठी माझ्या काखेत होती. पोरीने मान खाली घातली आणि आम्ही परत येऊ अशी वाट पाहत राहिली. तिला अनोळखी माणसापुढे आपल्या आजाराचे नाव घेण्याची लाज वाटली. पंचवीस मिनिटे ती तशीच उभी होती.

तिच्या कपाळावर घाम होता आणि बोटे थरथरत होती. सकाळी साडेसातला बसमध्ये तिने इन्सुलिन घेऊन न्याहारी केली होती; दहाच्या सुमारास काही खायचे असते, ते राहिले होते. खाऊ आणि ग्लुकोज दोन्ही त्याच अडकलेल्या पिशवीत होते. चिठ्ठी दाखवताच पिशवी सुटली. तिने स्वतःच बोट टोचून साखर पाहिली, ती ६२ होती. सत्तरच्या खाली गेली, की ताबडतोब साखर द्यावी लागते. आम्ही तीन चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून दिले आणि तिला खाली बसवले. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, ८८. मग दोन बिस्किटे दिली. तोवर आमच्या दारावर रांग सुरू झाली होती. दार बंद व्हायला वीस मिनिटे उरली होती. आम्ही सर्वांच्या शेवटी चढलो.

हजेरी न घेता मी रांग सुरू होईपर्यंत खुर्चीत बसून राहिलो असतो तर काय झाले असते, याचा हिशेब मी विमानात बसून केला. साखर आणखी उतरली असती, आणि तिला बोलता आले नसते तेव्हा शेजारच्या माणसाला काहीच कळले नसते. दिल्लीला पोहोचेपर्यंत मी कोणाशी बोललो नाही.

त्या संध्याकाळी निवासस्थानी आम्ही मोजण्याची पद्धतच बदलली. खो-खोत पाठलाग करणारे खेळाडू ओळीने, एकाआड एक उलट तोंडे करून बसतात. आपल्या डाव्या-उजव्या हाताला कोण आहे, हे प्रत्येकाला पाठ असते. तेच आम्ही वापरले. प्रत्येकाला एक ते अठ्ठावीस असा कायमचा क्रमांक दिला, मोठ्यांनाही. मोजायचे झाले, की मी मोजायचे नाही. मुलांनी आपापला क्रमांक क्रमाने मोठ्याने सांगायचा. अकरानंतर थेट तेरा ऐकू आले, तर बारावा नाही, हे सर्वांना एकाच क्षणी समजते. डोकी मोजल्याने किती कमी हे कळते, आणि तेही कधी चुकीचे. क्रमांक पुकारल्याने कोण कमी हे कळते, आणि दुसऱ्या शाळेचा मुलगा त्या जागी बसू शकत नाही.

ही पुकार कोठे करायची, तेही ठरवले. जेथे संघ दारातून किंवा रांगेतून सुटा होतो, त्या प्रत्येक ठिकाणी, पुढे पाऊल टाकण्यापूर्वी. म्हणजे बसमधून उतरल्यावर, सामान दिल्यावर, सुरक्षा तपासणीनंतर, विमानात चढण्यापूर्वी, आणि उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी. सुरक्षा तपासणीत एक शिक्षिका सर्वांत आधी आणि दुसरी शेवटच्या मुलीच्या मागे. हा नियम मोडायचा नाही. क्रमांकांची जबाबदारी मी तरुण प्रशिक्षकाकडे दिली. याचे कारण सांगण्यासारखे आहे. परतताना माझा गुडघा सुजल्यामुळे मला चाकांची खुर्ची घ्यावी लागली. खुर्चीच्या प्रवाशाला वेगळ्या वाटेने, वेगळ्या वेळी नेतात. यादी माझ्याकडे असती, तर मुले एकीकडे आणि यादी दुसरीकडे गेली असती. आपल्यापैकी कोणी आजी-आजोबा सोबत म्हणून जाणार असतील, तर त्यांनी मदत जरूर करावी, मोजणी मात्र दुसऱ्याकडे सोपवावी.

निळी फाइलही मोडली. मूळ कार्ड, बोर्डिंग पास आणि आजार असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या गळ्यातील प्लास्टिकच्या पाकिटात गेली. फाइलमध्ये राहिल्या केवळ प्रती. एखाद्याने कार्ड हरवले, तर एक कार्ड हरवते. माझी फाइल एखाद्या बाकावर विसरली असती, तर अठ्ठावीस हरवली असती. परतीच्या प्रवासात दिल्लीच्या तपासणीत त्या मुलीची पिशवी पुन्हा वेगळी काढली गेली. या वेळी तिने गळ्यातील पाकीट पुढे केले. शेवटच्या मुलीच्या मागे उभी असलेली शिक्षिका तीन पावलांवर होती, पण तिला बोलावे लागले नाही.

आता आपल्यासाठी, म्हणजे घरी बॅग भरणाऱ्यांसाठी, एवढेच सांगणे. मुलाला नेहमीचे औषध असेल, तर ते हातातील पिशवीत ठेवा, आणि प्रवासाला लागेल त्याहून थोडे जास्त द्या. औषधाच्या नावाची, मुलाच्या पूर्ण नावाची, डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी त्याच पिशवीत, वरच्याच कप्प्यात असू द्या. मुलाचे नाव कार्डावर जसे आहे तसेच चिठ्ठीवर असावे. शाळेकडून तिकिटाची प्रत मागवा आणि नावाची अक्षरे कार्डाशी ताडून पाहा. चष्मा लावून, शांतपणे. मोठ्या बॅगेला एखादी रंगीत फीत बांधा, म्हणजे सारख्या बॅगांत ती मुलाला ओळखता येईल. खाऊ द्या, पण सुके खोबरे देऊ नका.

आणि आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही यादीत नसते. त्या मुलीला औषध घेता येत होते, बोट टोचता येत होते; तिला फक्त एक वाक्य बोलता आले नाही. परत आल्यावर मी तिच्या आजीला सारे काही, माझ्या चुकीसकट, सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, चूक माझीपण आहे. लोकांत बोलायचं नाही, असं मीच तिला शिकवलं होतं.” त्या दिवसापासून आजी आणि नात घरात एक खेळ खेळतात. आजी जवान होते, आडवा हात धरते आणि विचारते, “यात काय आहे?” नात सांगते, “मला मधुमेह आहे. हे माझं इन्सुलिन आहे. ही डॉक्टरांची चिठ्ठी.” पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा संघात तिचा क्रमांक अकरा होता. पाच पुकारींपैकी एकदाही तो चुकला नाही.